'स्थिरांक' म्हणायचं, पण तो स्थिर नाही

माजघर: पदविकेच्या मुलांसाठी कपॅसिटरच्या प्रयोगाची मराठी वही तपासतेय. एका ओळीत 'विद्युत अपारक स्थिरांक' आणि लगेच खाली 'हा स्थिरांक वारंवारता वाढली की कमी होतो' असं लिहिलंय. मुलं विचारणारच, की मग स्थिर काय राहिलं? दुसरा शब्द सुचवा. शिवाय 'ध्रुवीकरण' लिहू की 'ध्रुवीभवन'?

रानमेवा: स्थिरांकच ठेवा, रुळलेला आहे. वारंवारता वाढली की रेणूंना वळायला वेळ मिळत नाही, ध्रुवीकरण थांबतं आणि आकडा 1 वर येतो. एवढी एक तळटीप दिली की झालं.

तांबतार: रानमेवा, वळण्याचं बरोबर सांगितलंत. पण सगळंच ध्रुवीभवन वळण्यानं होत नाही. साधं मीठ घ्या. त्यात वळणारा रेणूच नाही, तरी कमी वारंवारतेला त्याचा आकडा 5.9 च्या आसपास असतो. क्षेत्र लावलं की सोडियमचे आयन एका बाजूला किंचित सरकतात आणि क्लोरिनचे दुसऱ्या. ते जड आहेत, त्यामुळे अवरक्त किरणांच्या पलीकडे त्यांना क्षेत्राबरोबर हलता येत नाही. तरी दृश्य प्रकाशाला आकडा 2.3 च्या वर राहतो, कारण इलेक्ट्रॉन हलके असतात आणि ते अजूनही साथ देतात. 1 च्या जवळ जायला पार क्ष-किरणांपर्यंत जावं लागतं.

म्हणून मला 'ध्रुवीभवन' आवडतं. 'करण' म्हटलं की कुणीतरी एकाच झटक्यात करून टाकलं असं वाटतं. इथे वळणारे, सरकणारे आणि इलेक्ट्रॉन आपापल्या वेगानं तसे होत जातात, आणि वारंवारता चढली की त्याच क्रमानं एकेक गळतो.

कढई: माझं दुरुस्तीचं दुकान आहे, शब्दांतलं फार कळत नाही. पण एक विचारतो. इंडक्शन शेगडीतला 0.33 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गेला होता. त्याच आकड्याचा, त्याच व्होल्टचा पॉलिएस्टरचा घातला. मीटरवर 0.33 बरोबर दाखवला. शेगडी पाच मिनिटं चालली आणि कंडेन्सर फुगला, कडेनं तडकला. गळती होती म्हणायचं का?

तांबतार: नाही दादा, गळती वेगळी. गळतीत विद्युतभार खरोखर आरपार जातो, आणि ती डीसीवरही दिसते. तुमच्याकडे झालं ते मागं पडणं. पॉलिएस्टरच्या साखळीत ध्रुवीय गट असतात. दर आवर्तनाला ते वळू पाहतात, पण थोडे उशिरा पोचतात, आणि त्या ओढाताणीची उष्णता होते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये असे गट जवळपास नसतात. तिथे काम इलेक्ट्रॉनच करतात, म्हणून त्याचा आकडा 50 हर्ट्झला 2.2 आणि मेगाहर्ट्झलाही 2.2 च.

हिशोब करून पाहा. शेगडी 25 किलोहर्ट्झवर आणि कंडेन्सरवर 200 व्होल्ट आरएमएस धरा. उष्णता मिळते या सूत्रानं:

```
P = 2πf · C · V² · tan δ
```

tan δ म्हणजे त्या मागं पडण्याचं माप. ते सोडून बाकीचा गुणाकार सुमारे 2070 येतो. पॉलिएस्टरचा tan δ या वारंवारतेला साधारण 0.01, म्हणजे 20 वॉट. बोटभर डबीत सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता! पॉलिप्रॉपिलीनचा 0.0003 धरला तर 0.6 वॉट. मीटरनं फसवलं नाही. तो कमी वारंवारतेला धारिता मोजतो, उष्णता मोजतच नाही. मुळात धारिता तेवढी बदलतही नाही, 1 वरून 100 किलोहर्ट्झला गेलं तरी पॉलिएस्टरची दोनतीन टक्केच उतरते.

रानमेवा: म्हणजे आकडा थोडाच उतरतो, पण उतरताना तापवतो?

तांबतार: अगदी तसंच. उतार जिथे असतो तिथेच ताप असतो, दोन्ही एकाच उशिराची रूपं. म्हणून शेगडीत जुन्याच्या अंगावर MKP, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, छापलं असेल तर MKT, म्हणजे पॉलिएस्टरचा, घालू नका.

कढई: जुना काढून पाहिला. MKP च आहे. मी फक्त µF आणि व्होल्ट वाचत होतो.

माजघर: 'गळती' आमच्या वहीतही tan δ साठी वापरलंय. ते आजच काढते, 'तापव्यय' लिहू का?

तांबतार: चालेल. नुसतं 'व्यय' संदिग्ध आहे.

माजघर: आणि स्थिरांक? हिंदीतला 'विद्युतशीलता' घेऊ?

तांबतार: अर्थानं तो बरा, 'शील' आहे म्हणजे प्रसंगानुसार वागणं आलंच. पण मराठी विद्यार्थ्याला तो वाहकतेसारखा ऐकू येतो, ही भीती मला आहे.

रानमेवा: मी अजूनही स्थिरांकाच्याच बाजूनं आहे, पण 'अमुक वारंवारतेचा' हे शब्द मागे जोडून. 1 च्या तळटीपेचं मात्र मागे घेतो.

माजघर: तसं लिहून पाहते, '1 किलोहर्ट्झचा अपारक स्थिरांक'. तक्त्यात मावेल की नाही, ते छपाईच्या वेळी कळेल.