मदत हवी आहे: जुळ्यांपैकी एकाची वाढ थांबली, डबल मार्करच्या फॉर्मवर काय लिहू?

अबोली_नाशिक
नमस्कार. वय ३४, पहिलंच गरोदरपण, आता बारावा आठवडा लागलाय. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन पिशव्या दिसल्या होत्या. एका गर्भाची लांबी १० मिमी आणि ठोके छान, दुसऱ्याची ४ मिमी पण ठोके नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लहान गर्भाबद्दल आत्ताच काही ठरवायचं नाही, दोन आठवड्यांनी परत बघू. तेव्हा पहिला २५ मिमी झाला होता, दुसरा तिथेच थांबलेला. रिपोर्टवर ‘व्हॅनिशिंग ट्विन’ असं आलं. काही करायची गरज नाही, शरीर ते हळूहळू शोषून घेतं, असं सांगितलं. घरी दोघांची नावंसुद्धा काढून झाली होती, त्यामुळे मला अजून नीट सावरता आलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात एनटी स्कॅन आणि डबल मार्करची रक्ततपासणी आहे. लॅबच्या फॉर्मवर ‘गर्भांची संख्या’ असा रकाना आहे. नणंद म्हणते एक लिही. लॅबमधल्या मुलीने सांगितलं, दोन दिसले होते ना, मग दोन लिहा. नक्की काय लिहायचं?

ताम्हण
अबोली, वाईट वाटलं वाचून. मलाही आठव्या आठवड्यात रक्त गेलं होतं. दोन दिवस झोपून राहिले, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या आणि थांबलं. तुम्हीही जिने चढू नका, आराम करा.

अबोली_नाशिक
थँक्यू ताई, पण मला रक्तस्राव अजिबात झालेला नाही. प्रश्न फक्त तपासणीचा आहे.

समीर_ठाणे
डबल मार्कर सोडाच. थेट एनआयपीटी करा. महाग आहे, पण त्यात आईच्या रक्तातून बाळाचा डीएनएच तपासतात, त्यामुळे दुसऱ्या गर्भाचा काही संबंधच येत नाही. आमच्या वेळी आम्ही तेच केलं.

सोनोवाली
मी गेली बरीच वर्षं गरोदर बायकांच्याच सोनोग्राफी करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अबोली, नुसतं ‘एक’ही नको आणि ‘दोन’ही नको. ‘एक जिवंत गर्भ, दुसरा व्हॅनिशिंग ट्विन, सातव्या आठवड्यापासून ठोके नाहीत’ असं स्पष्ट लिहा आणि दोन्ही सोनोग्राफी रिपोर्टच्या प्रती जोडा. गर्भाची वाढ थांबली तरी त्याची वार लगेच थांबत नाही. डबल मार्करमध्ये मोजतात ते पॅप-ए नावाचं प्रथिन ती काही आठवडे रक्तात सोडत राहते. डाऊन सिंड्रोममध्ये पॅप-ए कमी येतं. तुमच्या रक्तात ते उरलेल्या वारेमुळे वाढलेलं असलं, तर धोका आहे त्यापेक्षा कमी दिसेल आणि सगळे निर्धास्त होतील. मला भीती त्याचीच वाटते. ‘दोन’ लिहिलंत तर हिशेब जिवंत जुळ्यांचा होईल, तोही चूकच.

दुसरी पिशवी नुसती रिकामी असती, तर रक्ताचा आकडा बहुतेक जण धरतात. तुमच्या बाबतीत आत गर्भ होता. एनटी स्कॅनच्या वेळी सांगा की दुसरी पिशवीही बघा, त्यात गर्भ अजून दिसतो का तेही लिहा. दिसत असेल तर रक्त बाजूला ठेवून तुमचं वय, एनटीचं म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याचं माप आणि नाकाचं हाड यांवर भर द्यायचा. त्यासाठी बाळाची लांबी ४५ ते ८४ मिमीच्या दरम्यान हवी, म्हणून तारीख चुकवू नका.

समीर, एनआयपीटीत डीएनए तपासतात तो बहुतांशी वारेतून सुटलेला असतो, आणि थांबलेल्या गर्भाच्या वारेतूनही तो सुटत राहतो. इतक्या लवकर गर्भ थांबतो तेव्हा कारण पुष्कळदा गुणसूत्रांतच असतं. त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तो त्या गर्भाचाही असू शकतो. काही लॅब अशा केसमध्ये नमुनाच घेत नाहीत.

समीर_ठाणे
हे माहीत नव्हतं. पण मग काही आठवडे थांबून केली तर?

सोनोवाली
थांबल्याने तो डीएनए कमी होतो, पण नेमकं किती थांबायचं यावर एकमत नाही. आठ आठवड्यांनंतरही तो सापडल्याच्या नोंदी आहेत. शंका राहिलीच, तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासणी. ते पाणी जिवंत बाळाच्याच पिशवीतलं असतं. नुसत्या एनआयपीटीच्या पॉझिटिव्हवर कुणीही निर्णय घेऊ नये.

अबोली_नाशिक
खूप आधार वाटला. रिपोर्टवर ‘डायकोरिऑनिक’ लिहिलंय. बाळाला यातून काही होईल का?

सोनोवाली
म्हणजे दोघांच्या वारा वेगळ्या, रक्तप्रवाह वेगळे. पहिल्या तीन महिन्यांत असं झालं की राहिलेलं बाळ बहुधा नीट वाढतं. वार एकच असती तर मी जास्त काळजीत पडले असते. बाळाचं वजन थोडं कमी भरतं का, यावर अभ्यासांत मतभेद आहेत. वाढीचा एखादा स्कॅन जास्त करायचा का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

अबोली_नाशिक
लॅबला आत्ताच फोन केला. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असा पर्यायच नाही म्हणे, ‘शेरा’मध्ये लिहितील. हिशेब करताना तो शेरा कुणी वाचतं का?

सोनोवाली
खात्री नाही. हिशेब कोण करतं त्यांचं नाव घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना थेट त्यांच्याशी बोलायला सांगा.