मदत हवी आहे: वडिलांना इन्कम टॅक्सची १४२(१) ची नोटीस, सीए लावताना काय द्यायचं, काय नाही द्यायचं?

तासगाव_बेदाणा
नमस्कार मंडळी, जरा घाईचं काम आहे. अण्णा रिटायर्ड शिक्षक, पेन्शन येते आणि सव्वादोन एकर द्राक्षबाग आहे. २०२३-२४ ला बेदाण्याचे पैसे व्यापाऱ्यांनी रोख दिले ते अण्णांनी थोडे थोडे करून सहकारी बँकेतल्या सेव्हिंगला भरले, वर्षाचे मिळून ११ लाख ६० हजार झाले. रिटर्न गावातल्याच एका टॅक्सवाल्याने भरलं, त्यात फक्त पेन्शन दाखवली. आता कळतंय की पोर्टलवर मोबाईल आणि मेल दोन्ही त्याचेच होते, जून २०२५ ला रिटर्न तपासणीला घेतल्याची १४३(२) ची नोटीस आली ती आम्हाला माहीतच नाही, आणि आता माहिती मागणारी १४२(१) आली तेव्हा काल त्याने प्रिंट आणून हातात दिली. उत्तराला नऊ दिवस राहिलेत.

तो म्हणतो आयडी पासवर्ड माझ्याकडेच राहू दे, आत्ता ५ हजार द्या आणि जेवढा टॅक्स वाचेल त्याचे १० टक्के नंतर. सांगलीतल्या एका सीए मॅडम ३० हजार अधिक जीएसटी म्हणाल्या. अण्णांना ३० हजार फार वाटतायत, रात्रभर झोपले नाहीत. कुणाला धरावं, कागद कुठले द्यावेत, पासवर्ड द्यावा का, प्लीज सांगा.

मिरजवाला७२
दादा टेन्शन नको, शेतीचं उत्पन्न माफच असतं. रिव्हाइज्ड रिटर्न भरा नाहीतर ते आयटीआर-यू भरा, शेती दाखवा, विषय संपला. सीएला कशाला ३० हजार घालवता.

वहीखाते
मिरजवाला, शेती माफ हे बरोबर पण पुढचं नाही. त्या वर्षाचं रिव्हाइज्ड ३१ डिसेंबर २०२४ ला संपलं, आणि असेसमेंट चालू असताना आयटीआर-यू भरताच येत नाही. आता जे सांगायचं ते नोटिशीच्या उत्तरातच सांगायचं.

बेदाणा, मी सीए आहे, सांगलीचा नाही, त्यामुळे तुमचं काम मला नकोय, मोकळेपणाने लिहितो. आधी फी कशाच्या बदल्यात आहे ते बघा. रोख रक्कम कुठून आली हे पटलं नाही तर ती कलम ६९ए खाली बेहिशेबी उत्पन्न धरतात आणि त्या वर्षाला त्यावर सेस सरचार्ज धरून ७८ टक्के, म्हणजे तुमच्या ११.६० लाखावर ९ लाखाच्या वर. आणि शेतीचं मान्य झालं तर? स्टँडर्ड डिडक्शन जाऊन पेन्शन ४.७० लाख उरते असं समजू आणि खर्च जाऊन शेतीचे ९ लाख धरू. शेती माफ असली तरी दर ठरवताना मिळवतात, त्यामुळे नव्या रिजीममध्ये ३४ हजार कर निघतो, त्यातून ८७ए च्या सवलतीचे २५ हजार गेले की राहिले ९ हजार आणि वर सेस. एवढा फरक फक्त कागदांवर आहे.

टक्क्यांवर फी सीएला घेताच येत नाही, आमच्या इन्स्टिट्यूटचा नियम आहे. तो टॅक्सवाला सीए नसेल तर कलम २८८ खाली हजर राहायला चालतो का ते त्यालाच विचारा. आणि ज्याने शेती वगळून पेन्शनचंच रिटर्न भरलं त्याच्याकडूनच त्याचं उत्तर लिहून घेणं मला बरं वाटत नाही, त्याला स्वतःची चूक झाकावीशी वाटणार.

सुलभा_कोथरूड
पासवर्ड अजिबात देऊ नका!! मला मागच्या वर्षी जीएसटीची नोटीस आली होती तेव्हा आमच्या माणसाने न विचारता उत्तर टाकलं आणि चूक मान्य करून बसला, मला तीन महिन्यांनी कळलं. तुम्ही जीएसटी नंबर घेतलाय का?

तासगाव_बेदाणा
सुलभाताई, जीएसटीचा संबंध नाही, ही इन्कम टॅक्सची आहे. पण पासवर्डचं पटलं. मग सीए मॅडम काम कशा करणार?

जुना_खातेदार
पोर्टलवर My Chartered Accountant मध्ये त्यांचा मेंबरशिप नंबर टाकून ॲड करा, झालं, मी असंच केलं.

वहीखाते
ते ऑडिट रिपोर्टसारखे फॉर्म सीएला नेमून देण्यासाठी असतं, तेवढ्याने नोटिशीला उत्तर देता येत नाही. नोटिशीसाठी e-Proceedings मध्येच Authorised Representative जोडायची सोय आहे, ओटीपी अण्णांच्या मोबाईलवर येतो, सोबत सही केलेलं अधिकारपत्र लागतं, मग मॅडम स्वतःच्या लॉगिनमधून तेवढंच प्रकरण बघतात. बँक खातं, रिफंड, प्रोफाइल काही त्यांच्या हातात जात नाही, आणि काम संपलं की काढून टाका.

पण त्याच्या आधी आजच्या आज हे करा. Forgot Password मधून आधारच्या ओटीपीवर पासवर्ड बदला, प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि मेल तुमचे टाका, मग e-Filing Vault मध्ये लॉगिनला आधार ओटीपी लावा, म्हणजे पासवर्ड कुणाकडे असला तरी ओटीपीशिवाय आत जाता येणार नाही. नोटीस खरी आहे का तेही होमपेजवर लॉगिनशिवाय Authenticate Notice/Order Issued by ITD मध्ये नोटिशीवरचा डीआयएन नंबर टाकून बघा. नऊ दिवसांत जमणार नसेल तर त्याच ठिकाणी मुदत मागा, पण तारीख उलटायच्या आत. गप्प बसलात तर १० हजार दंड आणि एकतर्फी असेसमेंट, दोन्ही होऊ शकतं.

तासगाव_बेदाणा
पासवर्ड बदलला, मोबाईल मेल आमचा झाला. नोटीस खरी आहे. कागद काय नेऊ मॅडमकडे?

वहीखाते
पूर्ण वर्षाचं बँक स्टेटमेंट, फक्त रोख भरलेलं पान नाही. सातबारा आणि ८अ, त्या हंगामाच्या पीक पाहणीची नोंद असलेला, कारण बाग आहे पण पेऱ्यात दुसरंच काही असेल तर तिथेच पहिला प्रश्न येतो. अडत्याच्या बेदाण्याच्या पट्ट्या, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या, औषधं-खतांची बिलं, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा. भरलेलं रिटर्न, पोर्टलवरचं एआयएस म्हणजे खात्याकडे असलेली अण्णांच्या व्यवहारांची माहिती, आणि दोन्ही नोटिसा. सगळ्याच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी ठेवा, काय दिलं त्याची यादी करून मॅडमची सही घ्या.

मग एका कागदावर पट्टीची तारीख, रक्कम आणि त्यापुढे बँकेत भरल्याची तारीख लिहा. पट्टी मार्चची आणि भरणा आधीच्या नोव्हेंबरमधला असेल तर ते जुळत नाही, आणि अधिकारी नेमकं तेच बघतो.

फी ठरवताना मात्र ३० हजारात काय येतं ते लिहून घ्या. १४३(३) ची असेसमेंट ऑर्डर होईपर्यंतची सगळी उत्तरं, पुढे आलेली प्रश्नावली, शो कॉज, व्हिडिओ सुनावणी धरून का? अपील आणि दंडाची कारवाई बहुतेक वेगळी असते, तीही विचारा. उत्तर अपलोड करायच्या आधी अण्णांनी वाचायचं, आणि सबमिट झाल्याची पावती तुमच्याकडे यायची, हे दोन तर घालाच. पैसे निम्मे आधी, निम्मे ऑर्डरनंतर असं बोलून बघा.

मिरजवाला७२
पट्ट्या नसतील तर अडत्याकडून आता करून घ्या की, आमच्याकडे सगळे देतात.

वहीखाते
मागच्या तारखेची पट्टी करू नका हो. अडत्याच्या वहीत आणि बाजार समितीच्या नोंदीत ती नसते, खोटा कागद दिल्याचं निघालं तर खऱ्या पट्ट्याही कुणी मानणार नाही. नसलेल्या पट्टीच्या जागी अडत्याच्या खातेवहीचा उतारा मागा.

तासगाव_बेदाणा
आज मॅडमना भेटून आलो. २५ हजार अधिक जीएसटी, ऑर्डरपर्यंत सगळं धरून, लेटरवर लिहून दिलं. पासवर्ड त्यांनी मागितलाच नाही. अण्णांनी रात्री लोखंडी ट्रंक उघडली, बिलांच्या सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यात सात पट्ट्या सापडल्या. एक मात्र अडचणीची वाटते, एकाच दिवशी एकाच अडत्याकडून १,४५,००० आणि १,२०,००० अशा दोन पट्ट्या, दोन्ही रोख. मॅडम ते वाचून थांबल्या, म्हणाल्या हे परवा बोलू. काय असेल?

वहीखाते
२६९एसटी. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा वर रोख घेता येत नाही, शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा. योग्य कारण दाखवलं तर दंड टळू शकतो पण तो वेगळा विषय आहे, तुमच्या २५ हजारात येत नसणार, ते परवा विचारा. दोन्ही पट्ट्या लपवू नका, त्या काढल्या तर २ लाख ६५ हजाराचा खुलासा कशाने करणार. पैसे खरंच एकाच दिवशी हातात आले की पट्टी एका दिवशी आणि पैसे दोनदा, हे अण्णांना आठवतंय का?

तासगाव_बेदाणा
अण्णा म्हणतात पैसे दोन खेपेला आले, दुसरे आठवड्याने. पण पट्टीवर तसं कुठे लिहिलेलं नाही. उद्या सकाळी अडत्याकडे जाऊन त्याची रोजकीर्द बघतो.