प्रतिसाद: एका ओळीत देवनागरी आणि रोमन

> "दोन्ही १०० पॉइंटला ठेवलंय, तरी 'नाट्य महोत्सव Theatre Festival' या ओळीत इंग्रजी बारकी दिसते. x-height शिरोरेषेला टेकवू का?"

टेकवू नका. तसं केलंत तर T, h, l शिरोरेषेच्या फार वर जातात आणि इंग्रजीच ओरडायला लागते. शिरोरेषा x-height च्या वर, पण कॅपिटलच्या खाली असलेली बरी.

आधी 'म' आणि 'x' आउटलाइन करून मोजा. समजा, शिरोरेषेचा वरचा काठ ६२ पॉइंटवर आला आणि x ४८ वर. x ला शिरोरेषेच्या साधारण ८४ टक्के, म्हणजे ५२ पर्यंत न्यायचं, तर इंग्रजी १०८ पॉइंट होते. पूर्ण कॅपिटलमध्ये असेल तर हे गणित सोडा. कॅपिटलची उंचीच शिरोरेषेइतकी किंवा किंचित कमी ठेवा.

आता खरी गोची. आकार वाढवला की जाडीही वाढते: l चा दांडा १२ होता तो १३ झाला, आणि 'म'चा काना ११ च आहे. इंग्रजीचं वजन एक पायरी उतरवा; व्हेरिएबल फॉन्ट असेल तर wght हळूहळू कमी करा. देवनागरीला स्ट्रोक लावून जाड करू नका, 'ट्य'मधल्या फटी बुजतात. काना आणि l चे आकडे तंतोतंत जुळवायचा हट्टही नको, कारण शिरोरेषेची सलग पट्टी आपला काळेपणा वेगळा घालते. ओळ ब्लर करून पाहा; ज्या बाजूचा राखाडी पट्टा गडद, तिचं वजन कमी करा.