दोन उन्नत कोनांत गडबड कुठे होते

> टाकीच्या बुडाशी जाता येत नाही म्हणून दोन ठिकाणांहून उन्नत कोन घेतले, पण उंची दर वेळी वेगळीच येते.

सूत्र बरोबरच असणार, तुमच्या दोन जागा फार जवळजवळ असाव्यात. नाशिकरोडला आमच्या भागातल्या कुंपणातल्या पाण्याच्या टाकीवर मुलीबरोबर हाच उद्योग केला होता. कोनमापक, दोरा आणि ओळंब्याला नट, एवढंच साहित्य. लांबून कोन आला 22°, टाकीच्या दिशेने सरळ 9 मीटर पुढे गेल्यावर 25°. टॅन्जंटची दोन समीकरणं सोडवली की उंची = 9 ÷ (cot 22° − cot 25°). खालची वजाबाकी 2.475 − 2.145, म्हणजे जेमतेम 0.33. उंची 27.2 मीटर. दुसऱ्यांदा दोरा वाऱ्याने हलला, 25 च्या जागी 24.5° वाचला, आणि टाकी एकदम 32 मीटरची झाली! जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की अर्ध्या अंशाची चूकही अशी फुगते.

मग पहिली जागा तीच ठेवून 45° येईपर्यंत पुढे चालत गेलो. अंतर भरलं 40 मीटर. cot 45° म्हणजे 1, वजाबाकी 1.475, उंची 27.1. इथे अर्धा अंश चुकवून पाहिला तर 27.4. फरक फक्त 30 सेंटीमीटरचा. दोन्ही जागा आणि टाकी एका रेषेत हव्यात, जमीन सपाट हवी. आणि डोळ्यांची उंची शेवटी मिळवायची. ती आम्ही पहिल्यांदा चक्क विसरलो होतो.