मदत हवी आहे: लंबकाच्या घड्याळाचं सूत्र आणि मोजपट्टी जुळत नाहीत

चौकोनी_चाक:
चावीचं, लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ आहे. नीट चालतं, पण रोज ४ मिनिटं मागे पडतं. लंबकाची लांबी कमी करायची हे माहीत आहे. चकतीखालचा नट किती फिरवायचा ते अंदाजाने न करता हिशेबाने काढावं म्हणून T = 2π√(L/g) घेऊन बसलो आणि तिथेच अडकलो.

लंबक जिथे टांगला आहे तिथपासून चकतीच्या मध्यापर्यंत ५८ सेंमी भरतात. सूत्राने एका पूर्ण झोक्याला १.५३ सेकंद लागायला हवेत. पण टिकटिक मोजली तर मिनिटाला ८० होतात. एका झोक्यात दोन टिकटिक, म्हणजे १.५ सेकंद. सूत्र खरं मानलं तर घड्याळ रोज पंचवीसेक मिनिटं मागे पडायला हवं. चूक कुठे आहे?

सावकाश:
चकती जड असणार, म्हणून हळू चालतंय. हलकी चकती लावून बघा.

तिसरा_काटा:
नट फिरवून काही होत नाही, वेळ वाया घालवू नका. माझ्याही घड्याळाला लंबक आहे. चकती पार वर नेली, खाली आणली, एका सेकंदाचाही फरक नाही.

दातेचाक:
तिसरा_काटा, तुमचं घड्याळ सेलवर चालतं का? तसं असेल तर त्यातला लंबक शोभेचा आहे. वेळ आतला क्वार्ट्‌झ स्फटिक ठरवतो, लंबक काढून ठेवला तरी काटे तसेच फिरतील.

चौकोनी_चाक, तुमची मोजणी बरोबर आहे आणि सूत्रही. पण ते सूत्र वजन नसलेल्या दोरीला टांगलेल्या बिंदूएवढ्या गोळ्याचं आहे. तुमच्या लंबकाच्या दांडीला वजन आहे, आणि ते चकतीच्या बरंच वर पसरलेलं आहे. त्यामुळे लंबक दिसतो त्यापेक्षा आखूड असल्यासारखा झुलतो. किती आखूड ते मोजपट्टीला नाही, टिकटिकीला विचारायचं. दीड सेकंदावरून उलट हिशेब केला की ५५.९ सेंमी येतात. दांडी चकतीच्या साधारण तीन दशांश वजनाची असली, तरी दोन सेंमींचा हा फरक पडतो.

सावकाश, जड-हलक्याने दोलनकाळ बदलत नाही, वजन कुठे आहे त्याने बदलतो. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर वरच्या बाजूला जुनी पेनी ठेवली की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं. तिथे वजन वाढलं, तरी घड्याळ जलद झालं. तुम्ही म्हणता तशी हलकी चकती लावली तर दांडीचं पारडं जड होऊन फरक पडेलही, पण तो दांडीमुळे.

आता नटाचं. घड्याळाची चाकं फक्त मोजतात. ४८०० टिकटिक झाल्या की तास झाला असं दाखवतात, मग त्याला खरा वेळ कितीही लागो. दिवसात ८६,४०० सेकंद, तुमचे २४० मागे, म्हणजे ३६० वा भाग. मिनिटभर टिकटिक मोजून एवढा बारीक फरक कळणारच नाही, म्हणून तुम्हाला पूर्ण ८० मिळाल्या. दोलनकाळ लांबीच्या वर्गमुळाने बदलतो, त्यामुळे लांबी दुप्पट प्रमाणात, १८० व्या भागाने कमी करायची: ५५९ मिमीचे ३.१ मिमी. मात्र चकती १ मिमी उचलली तरी दांडी जागेवरच राहते, म्हणून परिणाम ०.९ मिमीएवढाच धरा. म्हणजे चकती साधारण साडेतीन मिमी वर.

नटाचे दहा फेरे किती मिमी होतात ते मोजा.

चौकोनी_चाक:
दहा फेऱ्यांना ७ मिमी.

दातेचाक:
म्हणजे पाच फेरे. पण आधी चारच द्या आणि पूर्ण २४ तास थांबा. लंबक थांबवून, दांडी एका हाताने घट्ट धरून नट फिरवा. दांडी जिला टांगलेली असते ती पातळ पोलादी पट्टी पिळली गेली की लंबक वेडावाकडा झुलतो, आणि मग कुठलाच हिशेब लागत नाही.

चौकोनी_चाक:
चार फेरे दिले. आता दिवसाला पाऊण मिनिटाच्या आसपास मागे आहे, म्हणजे फेऱ्याला जवळपास तेवढंच पडतंय. पाचवा फेरा आज देतो.

एक नवीन गोष्ट लक्षात आली. चावी दिल्यावर पहिले दोन दिवस घड्याळ कमी मागे पडतं, आठवड्याच्या शेवटी जास्त. लांबी तर तीच आहे.

सावकाश:
स्प्रिंग ढिली पडत गेली की झोका लहान होतो. लहान झोक्याला वेळ कमी लागतो ना? मग शेवटी पुढे जायला हवं.

दातेचाक:
झोक्याचं बरोबर आहे. दोन्ही बाजूंना ३ अंश जाणारा लंबक अगदी लहान झोक्यापेक्षा दिवसाला सुमारे १५ सेकंद मागे पडतो. तेवढंच असतं तर चावी दिल्यावर घड्याळ मागे पडलं असतं, इथे उलट आहे. दातेरी चाक लंबकाला ढकलतं, त्या ढकलण्यानेही वेळ बदलतो. काही घड्याळांत प्रत्येक टिकटिकीला ते चाक किंचित मागे सरकतं, आणि तिथे स्प्रिंगचा जोर जास्त असताना घड्याळ पुढे जाताना दिसतं. तुमचं त्या जातीचं असेल असं वाटतं, पण न बघता सांगणार नाही. सेकंदकाटा असेल तर तो टिकटिकीनंतर जरासा मागे येतो का बघा.

चौकोनी_चाक:
सेकंदकाटा नाही. आतलं चाकच बघावं लागेल. तोवर पाचव्या फेऱ्यानंतरची नोंद चावी दिल्यापासून पुढच्या चावीपर्यंत, आठवडाभराची एकत्र ठेवतो.