मदत हवी आहे: भाडेकरारातली 'देणार-घेणार'ची चूक

उद्या भाडेकरारावर सह्या करायच्या आहेत. मी भाडेकरू, म्हणजे करारात 'लिहून घेणार'. मालक 'लिहून देणार'. कच्च्या मसुद्यात कलम 7 असं होतं: "गळती, वायरिंग वगैरे मोठ्या दुरुस्तीचा खर्च लिहून देणार करतील." टाईप होऊन आलेल्या प्रतीत तिथे 'लिहून घेणार' झालंय! एका शब्दाने सगळा खर्च माझ्या गळ्यात. दोन्ही शब्द शुद्धच, त्यामुळे स्पेलचेकला काही दिसत नाही.

मग मी प्रतीच्या झेरॉक्सवर प्रत्येक 'देणार'वर 'मालक' आणि 'घेणार'वर 'मी' असं पेन्सिलीने लिहून मोठ्याने वाचलं. कलम 11 तेव्हाच खटकलं: नोटिशीची मुदत अंकी 2 महिने, अक्षरी तीन. (तोवर दोनदा वाचूनही दिसलं नव्हतं.) वाद झाला तर सहसा अक्षरी आकडा धरतात असं ऐकलंय, म्हणून जास्त धास्ती.

मालक म्हणतात, पेनने खोडून दोघांनी बाजूला सही करू. मला पान नव्याने छापून घ्यावंसं वाटतं, पण मग नवीन पानही पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागेल. तुम्ही काय केलं असतं? आणि 'नाही' किंवा 'न' गळालेलं वाक्य कसं पकडता? ते वाचताना मन आपोआप भरून टाकतं.