इंटर्नशिपच्या लिंक्डइन पोस्टमध्ये स्टायपेंडचा आकडा लिहावा की नाही?

धागाकर्ती – पहिली भरती

आमच्या सहा जणांच्या स्टार्टअपसाठी फ्रंटएंड इंटर्न घ्यायचा आहे. कॅप्शनचा मसुदा असा आहे:

«आम्ही वाढतोय! आमच्या उत्साही टीमला हवाय एक रॉकस्टार इंटर्न. कौशल्ये: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिअॅक्ट, नोड, पायथन, डॉकर, फिग्मा, उत्तम संवादकौशल्य. स्टायपेंड: कामगिरीनुसार. जागा एकच, त्वरा करा! कॉमेंटमध्ये 'इंटरेस्टेड' लिहा किंवा मेसेज करा.»

दरमहा 15,000 द्यायचं ठरलंय, कालावधी 6 महिने, काम घरून. माझा भागीदार म्हणतो की आकडा लिहायचा नाही, मुलाखतीत बोलू. मला ते पटत नाही. तुमचं काय मत?

चौथी ओळ

आकडा लिहाच, आणि तो वर लिहा. फीडमध्ये कॅप्शनच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं more दाबल्यावर. डेस्कटॉपवर साधारण 200 अक्षरं मिळतात, मोबाइलवर त्याहून कमी. तुमच्या त्या ओळी 'आम्ही वाढतोय' आणि 'रॉकस्टार'मध्ये खर्च झाल्या. काम कोणतं, किती दिवसांचं, पैसे किती, हे वाचणाऱ्याला कळलंच नाही. त्या जागी हे टाका:

«फ्रंटएंड इंटर्नशिप, 6 महिने, घरून, आठवड्याला 30 तास. स्टायपेंड दरमहा 15,000. अर्ज 20 जून, रात्री 9 पर्यंत.»

तास तुम्ही सांगितले नाहीत, 30 मी धरले आहेत. पण ते लिहायलाच हवेत. 15,000 हा आकडा 20 तासांसाठी एक गोष्ट आहे आणि 45 तासांसाठी दुसरी. कॉलेज सांभाळून करणारा उमेदवार आधी तासच बघतो. पैसे दर महिन्याला मिळणार की शेवटी एकदम, तेही खाली एका ओळीत लिहा. 'कामगिरीनुसार' वाचल्यावर 'बहुधा शून्य' असाच अर्थ घेतला जातो, आणि ज्याच्या हातात दुसरी ऑफर आहे तो पुढे सरकतो.

हिशेबनीस

इतकं सरळ नाही. एकदा जाहीर लिहिलेला आकडा मागे घेता येत नाही. आधीपासून कमी स्टायपेंडवर कुणी काम करत असेल तर पोस्ट त्यालाही दिसणार आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे प्रश्न येणार. शिवाय आकडा बघून अर्जांचा पूर येतो, त्यात निम्म्यांनी काम काय आहे ते वाचलेलंही नसतं. मी तर 5,000 ते 25,000 अशी रेंज लिहा म्हणेन. उमेदवार बघून ठरवता येतं.

चौथी ओळ

@हिशेबनीस, आधीच्या इंटर्नचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय म्हणजे पोस्ट टाकण्याआधी त्याचा स्टायपेंड दुरुस्त करणं. आकडा लपवला तरी दोघं एकाच टीममध्ये बसणार, आठवड्याभरात कळतंच.

रेंजचं मात्र पटत नाही. 5,000 ते 25,000 वाचून उमेदवार 25,000 धरतो, तुम्ही 10,000 सांगता, आणि मुलाखत तिथेच फिसकटते. रेंज द्यायचीच तर अरुंद द्या आणि वरचं टोक कुणाला मिळणार ते लिहा. इथे रक्कम ठरलेली आहे, मग रेंज कशाला?

पूर येतो तो 'इंटरेस्टेड'मुळे. त्या एका शब्दातून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही, आणि प्रत्येकाचं प्रोफाइल एकेक करून उघडावं लागतं. 'मेसेज करा'ही चालत नाही. जो तुमच्या थेट कनेक्शनमध्ये नाही त्याला साध्या खात्यावरून सहसा तुम्हाला मेसेज पाठवताच येत नाही. तो कनेक्शन रिक्वेस्ट टाकून वाट बघत बसतो, आणि तुम्हाला वाटतं अर्ज कमी आले. चार प्रश्नांचा फॉर्म ठेवा.

रिकामी ब्रांच

मला रिअॅक्ट येतं, गिटही येतं, पण डॉकर आणि पायथन अजिबात नाही. मी दुसऱ्या वर्षाला आहे. अर्ज करू का? आणि प्रमाणपत्र मिळेल का?

चौथी ओळ

@रिकामी ब्रांच, ही पोस्ट अजून मसुदाच आहे, अर्जाचं धागाकर्तीच सांगू शकतील. पण @पहिली भरती, बघा, कामाचा उमेदवार तुमच्या यादीमुळेच अडखळतोय. इंटर्न पहिल्या महिन्यात डॉकरला हात लावणार आहे का? नसेल तर काढून टाका. हव्यातच अशा तीन गोष्टी ठेवा आणि त्या कामाच्या भाषेत लिहा:

«एपीआयमधून आलेली यादी रिअॅक्टमध्ये दाखवता यावी, डेटा येईपर्यंत आणि एरर आल्यावर स्क्रीनवर काय दिसेल, तेही हाताळता यावं. गिटवर स्वतःची ब्रांच काढून पुल रिक्वेस्ट टाकता यावी. फिग्मातलं डिझाइन बघून मोबाइल आणि डेस्कटॉप दोन्हींसाठी पान बांधता यावं. टाइपस्क्रिप्ट आणि टेस्टिंग इथे शिकवू.»

नुसतं 'रिअॅक्ट' वाचून ट्युटोरियल संपवलेलाही होकार देतो. 'एरर आल्यावर काय दिसेल' हे वाचलं की ज्याने खरंच काही बांधलंय तो लगेच ओळखतो.

हिशेबनीस

कौशल्यांचं मान्य. पण मग चाळणीसाठी दोन दिवसांची असाइनमेंट सगळ्यांनाच द्या, गंभीर असतील तेच उरतील.

वेळापत्रक

सगळ्यांना दोन दिवसांचं फुकट काम देऊ नका. परीक्षा चालू असलेला चांगला उमेदवार आधी गळतो, आणि मोकळा वेळ असलेला उरतो. फॉर्ममध्ये स्वतः केलेल्या एका कामाची लिंक मागा आणि 'यात सर्वांत अवघड काय गेलं' हे पाच ओळींत लिहायला सांगा. निवडलेल्या तिघा-चौघांना तासाभराचं काम द्या, समोर बसून. बायोडेटाची फाइल अपलोड करायला लावली तर गुगल फॉर्म गुगल खात्याने लॉगिन मागतो, काहीजण तिथेच सोडून जातात. लिंक पुरते.

मुदतीबद्दलही सांगते. मूळ मसुद्यात तारीखच नाही, नुसतं 'त्वरा करा'. 'येत्या रविवारपर्यंत' असंही लिहू नका. पोस्टवर नावाखाली '2 आठवडे' एवढंच दिसतं, त्यावरून रविवार कोणता हे वाचणाऱ्याला कसं कळणार? आणि कुणी उशिरा लाइक केलं की जुनी पोस्ट पुन्हा फीडमध्ये वर येऊ शकते. तारीख आणि वेळ लिहा, उमेदवार दुसऱ्या देशातले चालणार असतील तर टाइम झोनही. 10-12 दिवस पुरेसे आहेत. अर्ज येतील तसे वाचून मुदतीआधीच निवड करणार असाल तर ते स्पष्ट लिहा, नाहीतर शेवटच्या दिवशी मेहनतीने अर्ज करणाऱ्यावर अन्याय होतो.

पहिली भरती

तास 30च आहेत. पहिल्या ओळी तशाच घेते, डॉकर-पायथन काढते. भागीदाराला आधीच्या इंटर्नचा मुद्दा दाखवला, त्याचा स्टायपेंड आता 15,000 करतोय. फॉर्मची लिंक पोस्टमध्ये टाकू की पहिल्या कॉमेंटमध्ये? आणि ही माहिती पोस्टरवर छापली तर?

हिशेबनीस

कॉमेंटमध्ये. बाहेरची लिंक असली की पोस्ट कमी लोकांपर्यंत जाते.

वेळापत्रक

तसा समज आहे, पण किती कमी हे कुणी दाखवत नाही. उलट कॉमेंट्स वाढल्या की तुमची लिंक खाली जाते, आणि पोस्ट शेअर झाली की कॉमेंट सोबत जात नाही. मी पोस्टमध्येच टाकेन.

चौथी ओळ

मी यात हिशेबनीसांच्या बाजूने आहे, पण कॉमेंटमध्ये टाकली तर 'लिंक पहिल्या कॉमेंटमध्ये' हे कॅप्शनमध्ये लिहायलाच हवं.

पोस्टरवर तारीख आणि रक्कम नको. कॅप्शन नंतर एडिट करता येतं, चित्रातली अक्षरं बदलता येत नाहीत, आणि स्क्रीन रीडरला चित्रातला मजकूर सहसा नीट वाचता येत नाही. 20 जूनला रात्री 9 वाजता फॉर्म बंद करा आणि कॅप्शनच्या अगदी सुरुवातीला 'अर्ज बंद' लिहा. शेवटी लिहिलंत तर ते more च्या मागे जाईल आणि लोक बंद फॉर्म उघडत राहतील.